अप्पांना लिहिलेलं आभाराचं पत्र

माणसांशी बोलायचं काम माझ्या मित्राचं आणि कागदाशी बोलायचं माझं, ही आमची वाटणी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात असतानाच ठरून गेली होती. दोघांची जर्नलं मी लिहायचो आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तो मला समोर बसवून बोलायला शिकवायचा. मी शिकलो नाही. मला माणसांचा कंटाळा येतो. मुद्द्यावर यायच्या आधी पाऊसपाणी, पोरंबाळं, मुतखडा, सगळं ऐकून घ्यावं लागतं. त्याला मात्र तेच आवडायचं. एखाद्याचा मुतखडा कुठल्या बाजूला आहे हे त्याला त्या माणसाच्या वीजबिलाच्या आधी ठाऊक असायचं.

पुढे आम्ही नांदेडला दोन खोल्या भाड्यानं घेऊन सल्लागारीचं ऑफिस काढलं. काम सांगायला सोपं आहे. गिरणी वीज ओढते जास्त आणि कामाला लावते कमी. त्यातला फरक मालकाच्या बिलात येतो. कुठं मोटर गरजेपेक्षा मोठी बसवलेली असते, कुठं पट्टे सैल असतात, कुठं कॅपॅसिटर जळून गेलेले असतात आणि पॅनलचं दार वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नसतं. आम्ही जाऊन मोजायचो, काय बदलायचं ते लिहून द्यायचो आणि बदलून होईपर्यंत उभे राहायचो. मोजायचो आणि लिहायचो मी. मालकाला पटवायचा तो.

आमचे पहिले मालक म्हणजे लातूरचे अप्पा. तूरडाळीची गिरणी, कपाळाला विभूती, पांढरं धोतर, आणि आवाज असा की डाळ वर चढवणारा एलेव्हेटर चालू असताना सुद्धा गेटवरच्या हमालाला ऐकू जावा. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला पॅनलला हात लावू दिला नव्हता. "तुमचं वय किती, माझ्या गिरणीचं वय किती!" म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, "अप्पा, म्हणूनच तर तपासायला आलो. म्हातारं माणूस तपासून घेतंच की." मला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी चहा मागवला.

तेव्हापासून दर हंगामाच्या आधी आमची लातूरची खेप ठरलेली. आणि दर खेपेनंतर अप्पा कुणाला ना कुणाला आमच्याकडे लावून द्यायचे. लावून द्यायचे म्हणजे नंबर देऊन मोकळे व्हायचे नाहीत. मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, रीत वेगळी असते. ज्यानं ओळख घालून द्यायची त्यानं स्वतः सोबत जायचं, गादीवर बसायचं, चहा प्यायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "हा आपला माणूस हाय." त्यानंतर त्या माणसाच्या हातून काही चुकलं तर लोक त्याला विचारत नाहीत, ओळख घालणाऱ्याला विचारतात. अप्पा आमच्यासाठी उदगीरपर्यंत गेलेले आहेत, गुडघे दुखत असताना. म्हणून आम्हाला कधी अनोळखी माणसाला पत्र लिहून काम मागायची वेळच आली नाही.

मग तो गेला. किनवटकडे एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात पाणी तापवायच्या यंत्रणेची मापं घ्यायला गेला होता. खरं तर मापं घ्यायला मी जायचं. पण तिथल्या मुख्याध्यापकांशी बोलणंही करायचं होतं म्हणून तोच निघाला. परतताना गाडी झाडावर गेली. याच्यापुढं मला काही लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

अप्पा नांदेडला आले होते. वहिनींसमोर, म्हणजे त्याच्या बायकोसमोर, बराच वेळ नुसते बसले. एलेव्हेटरवर मात करणारा तो आवाज त्या दिवशी निघालाच नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसले.

पुढचे काही महिने ऑफिसात मी आणि त्याची खुर्ची. जुनी कामं संपत आली आणि नवी येईनात. येणार कुठून? लोकांशी बोलणारा माणूसच नव्हता. ऑफिसात वहिनींचा अर्धा वाटा होता आणि त्यांचं घर त्यावरच चालायचं. हंगामाच्या आधी दोन-तीन गिरण्या मिळाल्या नाहीत तर ऑफिस बंद करायचं, मी पुण्याला कुठल्यातरी कारखान्यात नोकरी धरायची आणि वहिनींनी माहेरी जायचं, असं आमचं बोलून झालं होतं. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "एकदा अप्पांना तर विचारून बघा."

विचारायचं म्हणजे फोन करायचा. फोन माझ्यानं झाला नाही. अप्पांचा आवाज ऐकला की काय होईल याची मला भीती वाटत होती. तेव्हा मी मला येतं ते केलं. पत्र लिहायला बसलो.

ग्राहकाला आभाराचं पत्र कसं लिहावं याबद्दल त्याची मतं ठाम होती, लिहायचो मात्र मीच. "बिल आणि आभार एका पाकिटात घालू नको, माणूस बिलच वाचतो." "आभार मोघम मानू नको. त्यानं नेमकं काय केलं ते लिही, म्हणजे त्याला कळेल की तुझ्या ध्यानात आहे." "काम मागायचं तर सरळ माग, पण त्याला नाही म्हणायला जागा ठेव." हे सगळं आठवून मी लिहिलं. एका ऐन हंगामात मोटर बदलण्यासाठी अप्पांनी अख्खा दिवस गिरणी बंद ठेवली होती, तुरीच्या गाड्या दारात उभ्या असताना. त्याबद्दल आभार मानले. मग लिहिलं, "आपल्या ओळखीत असे कुणी गिरणीमालक असतील, ज्यांची गिरणी कमी चालली तरी वीजबिल उतरत नाही, तर त्यांना आमच्याविषयी सांगावे, ही विनंती. आपली परवानगी असेल तर आम्ही आपले नाव सांगून त्यांना फोन करू. जमण्यासारखे नसेल तर मनावर घेऊ नये. आपला लोभ आहे तोच पुष्कळ आहे." दलालीचा, सवलतीचा एक शब्द घातला नाही. अप्पांना ओळख घालण्याचे पैसे देऊ केले असते तर त्यांनी ते पत्र परत पाठवलं असतं, आणि पत्र आणणाऱ्यालाही चार शब्द सुनावले असते.

कागद आमचा नेहमीचाच, वर दोघांची नावं छापलेला. सहीच्या जागी खाली पुन्हा दोघांची नावं टाइप झाली, कारण आमच्या प्रत्येक पत्रात ती असतात. मी ते पाहिलं. वहिनींना दाखवलं आणि विचारलं, "त्याचं नाव काढू का?" त्यांनी छापील नावावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "छापलेले कागद संपेपर्यंत राहू द्या." मलाही तेच ऐकायचं होतं. शिवाय आभाराच्या पत्रात मरणाचा उल्लेख कुठं करायचा, हे त्यानं मला कधी सांगितलेलं नव्हतं. पत्र तसंच गेलं.

आठवड्याभरात फोन वाजायला लागला. फोन त्याचाच. सगळ्या गिऱ्हाइकांकडे तोच नंबर होता आणि पत्राच्या कागदावरही तोच छापलेला होता, म्हणून वहिनींनी तो ऑफिसात आणून दिला होता. मी रोज सकाळी तो चार्जिंगला लावायचो.

पहिला माणूस उदगीरचा होता. मी हॅलो म्हणायच्या आत त्यानं सुरुवात केली.

"साहेब, अप्पांनी लई सांगितलं बघा तुमच्याबद्दल. म्हणले, गिरणीत पाय ठेवला की नुसत्या आवाजावरनं सांगतेत कोणती मोटर फुकट खाऊन राहिली ते."

"ते मी नाही," मी म्हणालो.

"मग द्या की त्यांना."

"ते नाहीत."

"बाहेर गेलेत व्हय? कवा येतेत?"

मी "कळवतो" म्हणालो आणि फोन ठेवून दिला. त्या माणसाला मी परत फोन केला नाही. तेव्हा नाही झाला.

दुसरा फोन मुरुडहून आला. त्याची तेलाची गिरणी होती आणि बोलण्यावरून माणूस घाईतला वाटला. त्यानंही त्यालाच विचारलं. या वेळी मी दात आवळून सांगितलं, "ते वारले. चार महिने झाले." पलीकडे नुसती गिरणीची घरघर ऐकू येत राहिली. मग तो म्हणाला, "अरे अरे. आन् अप्पा तर मला परवाच म्हणले, पाठवून देतो म्हणून." मी म्हणालो, "मी येतो. काम तेच आहे." तो म्हणाला, "बघतो. कळवतो तुम्हाला." हे 'कळवतो' मला ओळखीचं होतं. उदगीरवाल्याला मीही तेच म्हणालो होतो.

तिसऱ्या फोनला मी फक्त ऐकलं. "साहेब कुठंत?" एवढंच. मी फोन टेबलावर पालथा घातला.

मग मला अप्पांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. माणूस मेल्यावर येऊन बसून गेले, खांद्यावर हात ठेवून गेले, आणि आता गावभर सांगत सुटलेत की त्याला पाठवतो! मेलेल्या माणसाची शिफारस करतात आणि जिवंत माणूस इथं फोन उचलून सुतक सांगत बसलाय. म्हटलं, तोंडावर जाऊन विचारतो. माझा स्वभाव तसा घुमा, पण चिडलो की मला बोलता येतं. सकाळची लातूरची एसटी धरली. लोहा, अहमदपूर करत जाईपर्यंत खिडकीशी बसून मी मनात तीन-चार भाषणं तयार केली आणि त्यातलं सगळ्यात कडक ते पाठ केलं.

गिरणी चालू होती. अंगणात डाळ वाळत पडलेली, बायका पायानं ती खालीवर करत होत्या. अप्पा गादीवर बसले होते. मला पाहून उठायला लागले तर गुडघा साथ देईना, मग तसेच हात पुढे करून राहिले.

"ये. ये बाळा. चहा सांगतो."

"चहा नको," मी म्हणालो. "अप्पा, तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तू पत्रात म्हणलास तसंच."

"मला रोज फोन येतात. त्याला विचारतात. कधी येणार म्हणतात. मी काय सांगू? रोज सांगू का तो मेला म्हणून? तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही आला होतात ना?"

पाठ केलेल्यातलं एकही वाक्य त्यात नव्हतं, पण आवाज पुरेसा चढला होता. मुनीमजी मान खाली घालून बाहेर निघून गेले. अप्पांनी गल्ल्याखालून माझं पत्र काढलं. चार घड्या पडलेलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर गादीवर उलगडलं आणि खालच्या दोन नावांवर बोट ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?"

मी ती दोन नावं वाचली.

"तूच ते लिहिना झालास," अप्पा म्हणाले, "मंग मी कसं बोलू? मला वाटलं, ह्यानं ठेवलंय नाव, तर आपन कशाला खोडावं. फोन लावला की मी सुरू व्हायचो, असं करतेत, तसं करतेत. लोक इचारायचे, येतेत का? मी म्हनायचो, येतेत की. तोंडातनं दुसरं निघंच ना." त्यांनी पत्राची परत घडी घातली. "एकदा सांगितलं की झालंच ना मग. लोकांत पसरतंय. परत घेता येत न्हाई."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी गादीच्या कडेला बसलो आणि रडलो. त्याच्या घरी, वहिनींसमोर, स्मशानात, कुठंच मी रडलो नव्हतो. वहिनींना सांभाळायचं म्हणून, कागदपत्रं करायची म्हणून, काहीतरी म्हणून. अप्पांनी मला रडू दिलं. चहा आला होता, तो तसाच निवला.

नंतर ते म्हणाले, "चल. मुरुडला जाऊ. फोनवर होत न्हाई हे. रीतीनंच करावं लागतंय."

मुरुडची तेलगिरणी नवी होती. मालक पस्तिशीचा असेल. फोनवर वाटला होता तसाच घाईतला, पण अप्पांना गाडीतून उतरताना पाहून धावत आला आणि पाया पडला. आम्ही बसलो. त्याच्या गिरणीतली चार-पाच माणसंही दाराशी येऊन उभी राहिली. चहा आला. आता अप्पांनी बोलायचं होतं, आणि बोलायच्या आधी त्यांनी चहाचा कप दोनदा उचलून खाली ठेवला.

"हा आपला माणूस हाय," ते म्हणाले. मग थांबले. मला वाटलं, यांना जमत नाही, आपणच सांगून टाकावं. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "जोडी होती. बोलणारा गेला. हा लिहिणारा राहिलाय. बोलणाऱ्याचं नाव झालं, कारण तो बोलायचा. पर आकडे ह्याचे होते. ह्याचं काई चुकलं तर माझ्याकडं या. मी हाय."

मालकानं मान हलवली. हळू आवाजात त्यानं विचारलं, "काय झालं होतं त्यांना?"

हे अप्पांना सांगता आलं नसतं. मी सांगितलं. किनवट, रस्ता, झाड, सगळं, ओळीनं. अनोळखी माणसाच्या ऑफिसात, निवलेला चहा हातात धरून, पहिल्यांदा. अप्पा उपरणं तोंडाशी धरून बसले होते. मग मालक उठला आणि म्हणाला, "चला, पॅनल दाखवतो."

मी दार उघडलं. कॅपॅसिटर होते, पण निम्मे फुगून गेलेले. घाण्याची मोटर होती गरजेच्या दीडपट. हे मला दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. तो असता तर एव्हाना मालकाला हसवून त्याच्या खिशात हात घातला असता. मी मीटर लावला, आकडे घेतले, आणि कोरडेपणानं एकेक सांगत गेलो. मालकानं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, "लिहून द्या. करू." काम मिळालं. आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं थकल्यासारखं झालं.

लातूरला परतताना अप्पांनी गाडीतच फोन काढला आणि ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना एकेक लावायला सुरुवात केली. पहिला उदगीरला. "तो इंजिनिअर..." म्हणाले आणि गप्प झाले, मग कसंबसं, "तो न्हाई राहिला. दुसरा हाय, जोडीतलाच. माझा माणूस हाय तो बी." दुसऱ्या फोनला कमी थांबले. नंतर थांबायचंही बंद झालं. लातूर जवळ आलं तेव्हा ते मोंढ्यातला तुरीचा भाव सांगावा तसं सांगत होते, "तो वारला, आता हा करतोय, नंबर तोच हाय." मी बाहेर बघत होतो. त्यांना थांबवावं असं मला फार वाटलं. पण हे मीच त्यांच्याकडे मागितलं होतं, पत्र लिहून.

पुढं कामं आली. उदगीरचा आला, आणखी एक डाळमिल आली, मुरुडवाल्यानं त्याच्या मेहुण्याला पाठवलं. ऑफिस राहिलं. पुण्याला जायचं बारगळलं आणि वहिनीही नांदेडातच राहिल्या. अप्पांच्या ओळखीचं वजन किती ते मला तेव्हा कळलं. त्याचा फोन आता दिवसातून अनेकदा वाजतो. पलीकडचा माणूस विचारतो, "अप्पांचे इंजिनिअर तुम्हीच ना?" मी म्हणतो, हो, मीच. काय काम आहे ते तो सांगतो, मुतखड्याचंही सांगतो, आणि मी ऐकून घेतो.

त्याला मात्र आता कुणी विचारत नाही.

महिन्याच्या सुरुवातीला वहिनी वाट्याचा हिशोब घ्यायला ऑफिसात येतात. परवा आल्या तेव्हा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. कागदांवर सह्या करून झाल्या तरी त्या उठल्या नाहीत. फोनकडे बघत म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. यांना विचारायला अजून कुणाचा फोन येतो का हो?"

"येतो की," मी म्हणालो. "कालच एक जण विचारत होता, साहेब कुठंत म्हणून."